बॉलच्या वेगानं मराठी

सप्टेंबर 2004. लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर चेल्सी आणि टॉटनहॅम यांचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. चेल्सीचे प्रशिक्षक जोझे मोरिन्यो तेव्हा पोर्तुगालहून नुकतेच आले होते. सामन्यानंतर ते वैतागून म्हणाले, की आमच्याकडे पोर्तुगालमध्ये म्हणतात तसं झालं, या लोकांनी बस आणली आणि गोलसमोर उभी करून ठेवली. इंग्रजी फुटबॉलला हा वाक्प्रचार तोवर सवयीचा नव्हता. पुढे तो इतका रुळला, की ‘पार्क द बस’ हे इंग्रजांचंच जुनं बोलणं असावं असं आज वाटतं. आपण तो मराठीत आणायला बसतो तेव्हा मुळात एका भाषांतराचंच भाषांतर करत असतो.

आणायचा कसा? ‘बस उभी केली आहे’ असं म्हटलं तर मराठी कानाला थांबा आठवतो, चढणारे-उतरणारे प्रवासी आठवतात. वाट अडल्याचं त्यातून काहीच कळत नाही. ‘गोलसमोर एसटीच आडवी लावलीय’ म्हटलं की चित्र लगेच उभं राहतं, कारण सगळं काम ‘आडवी’ या शब्दानं केलेलं असतं. घाटात आडवी झालेली एसटी ज्यानं पाहिली आहे त्याला पुढं काही समजावून सांगावं लागत नाही. पण हे वाक्य एका सामन्यात एकदाच चालतं. बचावाला बसलेला संघ शेवटची वीस मिनिटं तसाच बसून राहतो आणि तितक्या वेळा एसटी आडवी लावता येत नाही. त्यासाठी छोटं, पुन्हा पुन्हा वापरता येईल असं काहीतरी हवं. मला त्यासाठी ‘कडी लावून बसलेत’ हे सर्वांत नेमकं वाटतं. ‘अजून कडी निघत नाहीये’, ‘कडी वाजवतायत नुसती’, ‘निघाली कडी!’ अशी त्याची पुढची रूपंही आपोआप सुचत जातात. गंमत म्हणजे इटलीत साठच्या दशकात गाजलेल्या कडव्या बचावाच्या खेळाला ‘कातेनाच्चो’ म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच दाराची कडी किंवा अडसर असा आहे.

असे वाक्प्रचार जमवणं हे या कामातलं आनंदाचं आणि तुलनेनं सोपं अंग आहे. फुटबॉलचं मराठी समालोचन अडखळतं ते दुसऱ्याच ठिकाणी, वाक्याच्या रचनेत. ते समजून घेण्यासाठी आधी क्रिकेटकडे पाहावं लागेल.

क्रिकेटचं मराठी धावतं वर्णन आपल्याकडे उत्तम रुजलं. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी ते घराघरांत नेलं. यष्टिरक्षक, पायचीत, त्रिफळा, क्षेत्ररक्षण हे घडवलेले शब्द लोकांनी आपले मानले. त्यामागे शब्द घडवणाऱ्यांची प्रतिभा होतीच, पण खेळाची ठेवणही मदतीला होती. क्रिकेटमध्ये चेंडू टाकला जातो, काही सेकंदांत त्याचा निकाल लागतो, मग गोलंदाज परत चालत जातो. त्या चालण्याच्या वेळात समालोचकाला अख्खं, रेखीव, व्याकरणशुद्ध वाक्य बोलता येतं. फुटबॉल अशी उसंत देत नाही. नव्वद मिनिटांपैकी चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो तासभर किंवा त्याहून थोडा कमी वेळ, पण त्या वेळात तो मिनिट-मिनिट थांबत नाही. एका पायाकडून दुसऱ्याकडे जायला त्याला सेकंदभर पुरतो. ‘गोलरक्षकाने प्रसंगावधान राखून चेंडू क्षेत्राबाहेर धाडला’ हे वाक्य दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात शोभतं. मैदानावर ते संपेस्तोवर दुसऱ्या बाजूनं हल्ला सुरू झालेला असतो.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, ही खरी अडचण आहे. इंग्रजी समालोचक खेळाडूचं नाव घेतो, लगेच क्रिया सांगतो आणि कुठं, कुणाकडे, कसं हे मागाहून जोडतो. त्याचं वाक्य चेंडूच्या मागोमाग चालतं. तेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणलं, की आधी कर्ता येतो, मग कसं, मग कुठं, मग कुणाकडे, आणि काय केलं ते सर्वांत शेवटी. ऐकणारा त्या एका शब्दासाठी ताटकळतो आणि तो शब्द येईपर्यंत चेंडू तिसऱ्याच खेळाडूकडे असतो.

18 डिसेंबर 2022 चा विश्वचषकाचा अंतिम सामना पुष्कळांनी पाहिला असेल. लुसैलच्या मैदानावर 36 व्या मिनिटाला आन्हेल डी मारियानं अर्जेंटिनाचा दुसरा गोल केला. मेस्सीनं एका हलक्या स्पर्शात चेंडू आल्वारेझला दिला, आल्वारेझनं तो न थांबवता पुढं मॅक अॅलिस्टरच्या धावेत सोडला, मॅक अॅलिस्टर मोकळ्या मैदानात धावत गेला आणि त्यानं डावीकडून येणाऱ्या डी मारियाला आयता पास दिला. डी मारियानं लोरिसच्या अंगावरून चेंडू जाळ्यात घातला. सगळं काही सेकंदांत.

त्याचं इंग्रजी सांगाड्यावर बेतलेलं मराठी साधारण असं होईल: ‘मेस्सीने आपल्या पायाच्या नाजूक स्पर्शाने चेंडू आल्वारेझकडे सोपवला असून आल्वारेझने तो तात्काळ मॅक अॅलिस्टरच्या दिशेने पुढे पाठवला आहे.’ घड्याळ लावून मोठ्यानं वाचून पाहा. वाक्य संपतं तेव्हा मॅक अॅलिस्टर निम्मं अंतर कापून गेलेला असतो. शब्द सगळे बरोबर आहेत, व्याकरणही निर्दोष आहे, पण खेळ हातचा गेलेला आहे.

आता हेच मैदानाच्या कडेला उभं राहून कुणी सांगत असेल तर?

‘मेस्सी... हलकेच सरकवला! आल्वारेझ, थांबवलाच नाही, सोडला पुढं! मॅक अॅलिस्टर... सुटलाय, सुटलाय, मोकळं रान समोर... डावीकडं डी मारिया, एकटाच आहे डी मारिया... दिला... उचललाऽऽ... गोऽऽऽल!’

यात ‘मेस्सीनं’ नाही, नुसतं ‘मेस्सी’ आहे. नाव उघडं ठेवलं की ते स्वतःच एक वाक्य होतं: चेंडू आता याच्याकडे आहे. ‘ने’ जोडला की ऐकणारा पुढच्या क्रियापदाची वाट पाहू लागतो. क्रियापद पुढं आलं आहे आणि ‘पुढं’, ‘समोर’ हे शब्द त्याच्या मागून आले आहेत. मराठी व्याकरणात हे बसत नाही असं कुणाला वाटेल, पण आपण रोज असंच बोलतो. ‘गेला वाटतं तो’, ‘आली बघ एसटी’, ‘पडला ना खाली!’ घाईत, आनंदात, भीतीत मराठी माणूस क्रियापद आधी फेकतो आणि बाकीचं नंतर गोळा करतो. फुटबॉलच्या समालोचकाला हवी असलेली शब्दरचना आपल्या भाषेत पहिल्यापासून आहे, फक्त ती लिहिण्याच्या मराठीत सापडत नाही.

मराठीनं इथं आणखी एक देणगी दिली आहे आणि तिचं मला फार मोल वाटतं. भूतकाळात आपलं सकर्मक क्रियापद कर्त्यानुसार न चालता कर्मानुसार चालतं. बॉल पुल्लिंगी, म्हणून घेतला, वळवला, ढकलला, मारला, अडवला. खेळाडू कोणीही असो, क्रियापद चेंडूशी बांधलेलं राहतं. पेनल्टीचं वर्णन ऐका: ‘उभा आहे... धावला... मारला... अडवला!’ यातला ‘धावला’ खेळाडूचा आहे, ‘मारला’ आणि ‘अडवला’ चेंडूचे आहेत, आणि ऐकणाऱ्याचा कुठंही गोंधळ होत नाही. महिलांच्या सामन्यात ते अधिकच स्वच्छ होतं: ‘उभी आहे... धावली... मारला... अडवला!’ पहिली दोन क्रियापदं तिची, पुढची दोन बॉलची. कर्ता न सांगता इतकं सांगता येणं ही समालोचकासाठी मोठी सोय आहे.

शिवाय या क्रियापदांच्या शेवटी ‘आ’ आहे. तोंड पूर्ण उघडायला लावणारा हा स्वर हवा तेवढा लांबवता येतो. चेंडू पायातून सुटला आहे आणि अजून पोचलेला नाही, त्या अधांतरी क्षणात ‘मारलाऽऽऽ’ हा आवाज चेंडूबरोबर हवेत राहतो आणि निकाल लागताच तुटतो: ‘मारलाऽऽऽ... बाहेर!’ त्याच अंतिम सामन्यात जादा वेळेच्या अगदी शेवटी फ्रान्सचा कोलो मुआनी एकटाच गोलरक्षकासमोर आला आणि एमिलियानो मार्टिनेझनं डावा पाय लांबवून तो फटका अडवला. तिथं ‘मारलाऽऽऽ... पाय! मार्टिनेझचा पाय!’ इतकं पुरतं. ‘पायाने अप्रतिम बचाव केला’ हे रिप्लेच्या वेळी म्हणावं.

अर्थात याच ‘ला’चा अतिरेक झाला की कान किटतात. घेतला, दिला, घेतला, दिला असा पाढा सुरू होतो. त्यावर उपाय काळ बदलण्याचा आहे. चाल रचली जात असते तेव्हा चालू काळ बरा: ‘फिरवतायत, इकडून तिकडं, वाट शोधतायत.’ कुणी मोकळा धावत सुटला की ‘सुटलाय, निघालाय.’ आणि निर्णायक स्पर्शासाठी नुसता भूतकाळ राखून ठेवावा: ‘घातला!’ असं केलं तर क्रियापदाच्या रूपावरूनच ऐकणाऱ्याला कळतं की आता काहीतरी घडणार आहे, आवाज चढवण्याआधीच.

मग वाक्प्रचारांची जागा कोणती? चेंडू थांबलेला असतो तेव्हाची. इंग्रजी दूरचित्रवाणीवर बहुतेकदा दोघं बोलतात. एक चेंडूबरोबर धावतो, दुसरा, बहुधा जुना खेळाडू, चेंडू बाहेर गेल्यावर किंवा रिप्ले सुरू असताना बोलतो. चित्रमय बोलणं दुसऱ्याच्या वाट्याचं आहे. मराठीत भाषांतर करताना ही विभागणी विसरली जाते आणि धावत्या चेंडूवर दहा-बारा शब्दांची म्हण लादली जाते. ती कितीही सुंदर असली तरी खेळ तिच्याखाली दबतो.

इंग्रजीत ज्याला ‘नटमेग’ म्हणतात, म्हणजे समोरच्याच्या दोन पायांमधून चेंडू काढून पुढं जाणं, तो प्रकार घ्या. तेवढ्यासाठी वेळ सेकंदापेक्षा कमी मिळतो. फ्रेंच त्याला ‘छोटा पूल’ म्हणतात, इटालियन ‘बोगदा’. प्रत्येक भाषेनं दोन पायांमधली जागा पाहून आपलं चित्र काढलं आणि त्यात जायफळ कुठंच नाही. आपण जायफळ आणू नये. धावत्या चेंडूवर ‘पायातून काढला!’ एवढंच बोलावं. रिप्ले लागला की मग निवांत म्हणावं, ‘बॉल पायातून गेला आणि पायाखालची वाळू सरकली.’ एकच क्षण, दोन वेळा, दोन वेगवेगळ्या लांबीत.

‘अगेन्स्ट द रन ऑफ प्ले’ हा समालोचकांचा लाडका शब्दप्रयोग. एक संघ सतत हल्ले करतो आणि गोल दुसराच करून जातो. ‘खेळाच्या प्रवाहाविरुद्ध’ हे भाषांतर छापील आहे, ते कुणी बोलत नाही. मराठी अशा वेळी उलटसुलट जोडी लावते: ‘सगळा खेळ यांचा, आणि गोल त्यांचा!’ यात रूपक कुठलंच नाही, तरी तोल आहे, ठेका आहे आणि हळहळही आहे. समोर रिकामा गोल असताना चेंडू बाहेर मारणाऱ्यासाठी हातातोंडाशी आलेला घास आहेच, पण तोही मागाहून. त्या क्षणी ‘अरेरे! बाहेर!’ यापलीकडे कुणाच्या तोंडून काही निघत नाही आणि निघूही नये. पहिला गोल झाला की ‘भोपळा फुटला’. गोल झेलणाऱ्या संघासाठी ‘गोल खाल्ला’ हे लोकांच्या तोंडचं आहे आणि ‘गोल स्वीकारला’पेक्षा शतपटीनं जिवंत आहे.

खांब आणि आडव्या दांडीच्या कोनात बसलेला गोल इंग्रजीत ‘टॉप कॉर्नर’ला जातो. ब्राझीलमध्ये त्या जागेला ‘घुबड झोपतं ती जागा’ म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी ‘बेचका’ आहे. गलोल ज्याच्या हातात कधी आली असेल त्याला ‘बेचक्यात घातला!’ हे ऐकताच तो कोन दिसेल. इंग्रजीत गोलच्या खांबाला अजून लाकूड म्हणतात, आज तो धातूचा असला तरी. आपण थेट आवाजच सांगू शकतो: ‘खांबाला खणकन!’ असे ‘कन’वाले शब्द मराठीत ढिगानं आहेत आणि प्रत्येकाचा वेग वेगळा आहे. सुळकन निसटणारा, सपकन फिरणारा, गपकन पकडणारा, खाडकन डोक्यानं मारणारा. इंग्रजी समालोचकाला जिथं विशेषण जोडावं लागतं तिथं आपला एकच शब्द चेंडूचा वेग, आवाज आणि जोर सांगून जातो. मराठी समालोचनानं ही शिदोरी सर्वांत आधी उघडायला हवी.

इंग्रजी शब्दांचं काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझं मत स्पष्ट आहे: नाम इंग्रजी असलं तर बिघडत नाही, क्रियापद मात्र मराठीच हवं. ऑफसाइड, कॉर्नर, पेनल्टी, हेडर, फाउल हे शब्द गल्लीतली मुलं जन्मापासून वापरतात. त्यांना पर्यायी शब्द शोधण्यात शक्ती घालवू नये. पण ‘बॉल क्लिअर केला’, ‘पास इंटरसेप्ट केला’, ‘डिफेंडरला बीट केलं’ असं प्रत्येक क्रियेला ‘केला’ चिकटवलं, की सगळ्या क्रिया एकसारख्या वाजतात. बाहेर भिरकावला, मधेच उचलला, बगल दिली, हुलकावणी दिली, चकवलं. प्रत्येकाची चाल निराळी आहे.

हुलकावणी, चकवा, चढाई हे शब्द कबड्डी-खोखोतून आलेले आहेत. कुस्तीचे शब्दही जवळचेच. कोल्हापुरात तर फुटबॉल संघच तालमींचे आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ अशी नावं घेऊन ते शाहू स्टेडियमवर उतरतात. जिथं कुस्ती आणि फुटबॉल एकाच पेठेत वाढले तिथं शब्दांची ये-जा होणारच. पण इथं जपून राहायला हवं. ‘धोबीपछाड’ म्हटलं की हातानं धरून आपटणं आलं, आणि फुटबॉलमध्ये तो फाउल आहे. ऐकणारा शिट्टीची वाट पाहील. खेळाडूला चकवून पुढं जाण्यासाठी कबड्डीची भाषा चपखल बसते, कारण तिथंही कुणाच्या पकडीत न सापडता निसटण्यात कौशल्य आहे. कुस्तीतला ‘चितपट’ अख्ख्या संघाच्या पराभवासाठी ठेवावा. ‘गनिमी कावा’ हा शब्द वेगवान प्रतिहल्ल्यासाठी सहज सुचतो आणि एखाद्या खऱ्या कावेबाज चालीला तो शोभतोही. प्रत्येक पळापळीला वापरला तर त्याची धार जाते. ‘बांगड्या भरल्या’सारखे प्रयोग तर पूर्णपणे टाकून द्यावेत. तोच खेळ मुली त्याच मैदानावर खेळत आहेत.

शेवटचा मुद्दा शांततेचा. 13 मे 2012 रोजी मँचेस्टर सिटीच्या सर्जिओ अग्वेरोनं हंगामाच्या अखेरच्या क्षणांत गोल करून संघाला विजेतेपद मिळवून दिलं, तेव्हा समालोचक मार्टिन टायलर यांनी फक्त त्याचं नाव घेतलं, शेवटचा स्वर लांबवत नेला आणि मग मैदानाला बोलू दिलं. मराठी समालोचकाला हे जड जातं, कारण गप्प बसलं तर काम चुकवल्यासारखं वाटतं. रेडिओवरसुद्धा गोलनंतरचा गलका हा बातमीचाच भाग असतो. तो ऐकू येऊ द्यावा, मग ‘गोल कुणी केला आणि आता किती झाले’ ते सांगावं.

आपलं समालोचन जमलं की नाही हे तपासायला साधा मार्ग आहे. एखाद्या सामन्याची पाच मिनिटं आवाज बंद करून लावा, त्यावर बोला आणि ध्वनिमुद्रण करा. मग ते चित्राशिवाय अशा माणसाला ऐकवा ज्यानं तो सामना पाहिलेला नाही. मध्येच थांबवून विचारा: आत्ता बॉल कुणाकडे आहे, कोणत्या बाजूला आहे, धोका आहे की नाही? तिन्हींची उत्तरं आली तर वाक्यं वेळेवर पोचली. ‘मजा आली, पण बॉल कुठं होता ते कळलं नाही’ असं उत्तर आलं, तर वाक्प्रचार नको तिथं आले आहेत.

मराठीत फुटबॉल दाखवू पाहणाऱ्या वाहिन्यांना माझी विनंती आहे, की इंग्रजी वाक्प्रचारांची भाषांतरित यादी समालोचकाच्या हातात देऊ नका. कोल्हापूरच्या गॅलरीत, मुंबईच्या कूपरेज मैदानाच्या कुंपणाशी, गावोगावच्या कबड्डीच्या मंडपात जी माणसं आत्ताच उत्तम बोलत आहेत, त्यांना बोलवा, सामना लावा आणि माइक त्यांच्याकडे द्या.